दोन पॅकिंग लाइनींच्या वजनातला चढउतार सारखा आहे का? एफ टेस्टवर विसंबू की दुसरी टेस्ट वापरू?

द्राक्षकाटा
नमस्कार मंडळी. मोहाडीजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी बघते. ५०० ग्रॅमची पनेटं भरणाऱ्या दोन लाइनी आहेत. ५०० च्या खाली एकही पनेट जायला नको, त्यामुळे भरणाऱ्या बायका थोडं जास्तच घालतात. किती ग्रॅम जास्त गेलं त्याची नोंद माझ्याकडे आहे. दोन्ही लाइनींची दहा-दहा पनेटं, लहानापासून मोठ्या क्रमाने लावलेली:

लाइन १: ४, ५, ६, ६, ७, ८, ८, ९, १०, १२
लाइन २: ३, ५, ६, ६, ७, ८, ९, ९, ११, ३१

एक्सेलच्या `F.TEST` ने पी ०.००२ च्याही खाली दिला. मॅनेजर म्हणतात, "लाइन २ वर हात बसलेला नाही, बायका बदला." मला हे पटत नाही. पण आकडा समोर असताना नुसतं पटत नाही म्हणून चालणार नाही. एफ टेस्टला नॉर्मल डेटा लागतो असं वाचलंय. मग दुसरी कुठली टेस्ट भरवशाची?

गोदाकाठ
वेल्च टी टेस्ट करा. व्हेरिअन्स सारखे नसले तरी चालते. आम्ही प्रोजेक्टमध्ये तीच वापरली होती, सरांनी काही विचारलंसुद्धा नाही.

द्राक्षकाटा
गोदाकाठ, वेल्च सरासरी तपासते ना? लाइन २ ची सरासरी जास्त आहे का, हा माझा प्रश्नच नाही. वजन जास्त खाली-वर होतंय का, एवढंच बघायचंय.

रामकुंडाजवळ
दहा पनेटांवर कसला निष्कर्ष काढता? प्रत्येक लाइनची शंभर-दीडशे पनेटं घ्या. नमुना मोठा झाला की सेंट्रल लिमिट थिअरम लागू होतं आणि नॉर्मल नसल्याची चिंता मिटते. मग एफ टेस्टसुद्धा चालेल.

आकडेमोड_कॉलेजरोड
रामकुंडाजवळ, सरासरीच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. व्हेरिअन्सच्या एफ टेस्टला ते लागू होत नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

नमुन्यातून काढलेला व्हेरिअन्स स्वतः किती हलतो, हे मूळ वितरणाच्या शेपट्या किती जड आहेत त्यावर ठरतं. त्याचं माप म्हणजे कर्टोसिस. मोठ्या नमुन्यात व्हेरिअन्सच्या लॉगचं हलणं साधारण (कर्टोसिस वजा १) भागिले n एवढं असतं. नॉर्मलचा कर्टोसिस ३, म्हणून तिथे २ भागिले n. एफचा तक्ता हा २ गृहीत धरूनच बनलाय. तुमच्या डेटाचा कर्टोसिस ६ असेल तर खरं हलणं ५ भागिले n होतं. n दोन्हीकडे तेवढाच आहे, म्हणून तो कितीही वाढवा, ५ आणि २ मधली तफावत तशीच राहते.

हिशोब करून बघा. अडीच पटीचं वर्गमूळ सुमारे १.५८. म्हणजे १.९६ ची वेस खरं तर १.२४ वर येऊन बसते. आपण ५ टक्के चुकीचे इशारे मान्य केलेत असं समजतो आणि प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या आसपास मिळतात. शंभर पनेटं घेतली तरी तेवढेच, हजार घेतली तरी तेवढेच.

दोनऐवजी तीन-चार लाइनी असत्या तर कुणीतरी बार्टलेट सुचवली असती. तिलाही हाच रोग आहे.

रामकुंडाजवळ
म्हणजे n वाढवून काहीच उपयोग नाही? हे कुठल्याच क्लासमध्ये सांगितलं नव्हतं.

आकडेमोड_कॉलेजरोड
n वाढवल्याचा उपयोग आहे, पण टेस्ट बदलली तर. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ साली हा मुद्दा चांगलाच ठणकावून मांडला होता. सरासऱ्यांची तुलना नॉर्मल नसलेल्या डेटावरही बरीच टिकते, व्हेरिअन्सची तुलना टिकत नाही. म्हणून आधी व्हेरिअन्स तपासून मग सरासरीकडे वळणं म्हणजे मोठं जहाज बंदरातून काढण्याआधी समुद्र शांत आहे का ते बघायला वल्ह्याची होडी पाठवणं, असं ते म्हणाले.

आता तुमच्याकडे, द्राक्षकाटा. पनेटं भरण्याच्या पद्धतीतच हा डेटा नॉर्मल होणार नाही असं दिसतंय. खाली ५०० ची भिंत आहे, वर मोकळं रान. म्हणजे शेपटी वरच्याच बाजूला लांबणार.

लाइन १ चा व्हेरिअन्स ५.८३, लाइन २ चा ६२.२८. एफ निघाला १०.६८. आता लाइन २ मधलं ते ३१ झाकून उरलेल्या नऊंचा व्हेरिअन्स काढा. ५.८६ येतो, म्हणजे लाइन १ एवढाच. मॅनेजरांचा सगळा निष्कर्ष एका पनेटावर उभा आहे.

पनेट फेकून द्या असं मी म्हणत नाही, ते ठेवूनच पुढचं करा. दोन्ही लाइनींचा मध्यक ७.५ आहे. प्रत्येक पनेट मध्यकापासून किती लांब आहे तेवढंच लिहा, अधिक-उणे सोडून द्या. लाइन १ ची अंतरं: ३.५, २.५, १.५, १.५, ०.५, ०.५, ०.५, १.५, २.५, ४.५. लाइन २ ची: ४.५, २.५, १.५, १.५, ०.५, ०.५, १.५, १.५, ३.५, २३.५. या अंतरांची सरासरी लाइन १ ला १.९, लाइन २ ला ४.१. आता या दोन सरासऱ्यांवर नेहमीचा अनोवा चालवा. एफ येतो ०.९७ आणि पी ०.३४ च्या आसपास.

व्हेरिअन्सचा प्रश्न आपण सरासरीचा करून टाकला, यातच मेख आहे. सरासरीला शेपट्या फारशा त्रास देत नाहीत. आणि इथे हलणं किती हे तक्त्यातून उसनं घेतलेलं नाही, तुमच्याच अंतरांवरून मोजलंय. २३.५ मुळे सरासरीतला फरक वाढला, तसा लाइन २ मधला गोंधळही वाढला. म्हणून एकट्या पनेटाने निकाल फिरत नाही.

हावर्ड लेव्हीन यांनी १९६० मध्ये अंतरं सरासरीपासून घेतली होती. ब्राऊन आणि फोर्साइथ यांनी १९७४ मध्ये मध्यक वापरून बघितला, आणि एका बाजूला कललेल्या डेटावर तो जास्त टिकला. तुमच्या डेटावर सरासरी वापरली तर पी ०.२० च्या जवळपास येतो. इथे दोन्हींचा कौल एकच आहे, तरी अशा डेटाला मध्यकच घ्या.

द्राक्षकाटा
ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार! एक्सेलमध्ये हे थेट आहे का?

आकडेमोड_कॉलेजरोड
थेट बटण नाही. अंतरांचा कॉलम करून `ABS` आणि `MEDIAN` ने जमतं, मग त्यावर सिंगल फॅक्टर अनोवा. पायथन असेल तर:

```python
from scipy import stats
a = [4, 5, 6, 6, 7, 8, 8, 9, 10, 12]
b = [3, 5, 6, 6, 7, 8, 9, 9, 11, 31]
print(stats.levene(a, b, center='median'))
```

`center` लिहिलं नाही तरी तो मध्यकच घेतो. तरी लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं. आर मध्ये `car` पॅकेजचं `leveneTest` सुद्धा मध्यकच धरतं. काही सॉफ्टवेअर लेव्हीन नावाखाली सरासरीवालं उत्तर वर छापतात, त्यामुळे दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर आधी हे तपासा.

सातपूर_लेथ
आमचं उलटं आहे. दोन सीएनसीवर एकाच व्यासाच्या बुश. एफ टेस्ट कायम "फरक नाही" म्हणते, पण असेंब्लीवाले एका मशीनच्या बुशबद्दल रोज कुरकुर करतात. दर तासाला ५ नग मोजतो. ही मध्यकवाली टेस्ट लावू का?

आकडेमोड_कॉलेजरोड
भाऊ, एक विचारते. मोजायचे नग गो-नोगो गेजमधून पास झाल्यावर घेता की आधी?

सातपूर_लेथ
पास झाल्यावर. नापास नग वेगळ्या ट्रेमध्ये जातात.

आकडेमोड_कॉलेजरोड
मग दोन्ही मशीनच्या शेपट्या गेजनेच छाटल्या. खराब मशीनचे जास्त छाटले गेले, म्हणजे जो फरक शोधताय तोच ट्रेमध्ये जाऊन पडलाय. उरलेला डेटा चौकोनी होतो. अगदी सपाट वितरणाचा कर्टोसिस १.८ असतो, आणि तिथे एफ उलट्या बाजूला चुकते. ५ टक्क्यांच्या जागी चुकीचे इशारे मोठ्या नमुन्यात ०.२ टक्क्यांवर येतात. ऐकायला बरं वाटतं, पण खरा फरकही तिच्या नजरेतून निसटतो. गेजच्या आधी मोजा, टेस्टचं नंतर बघू.

आणि ५ नगांवर ब्राऊन-फोर्साइथ लावू नका. विषम संख्या असली की मधला नग म्हणजेच मध्यक, त्याचं अंतर कायम शून्य. छोट्या नमुन्यात त्या शून्यामुळे टेस्ट फारच मवाळ होते, सहसा काही म्हणतच नाही.

रामकुंडाजवळ
मग फ्लिग्नर-किलीन का नको? ती क्रमांकांवर चालते. कोनोव्हर आणि जॉन्सनद्वयाने १९८१ साली ५६ टेस्टांची तुलना केली, त्यात जी थोडी नावं टिकली त्यात तीही होती ना?

आकडेमोड_कॉलेजरोड
होती, ब्राऊन-फोर्साइथही होती. आर मध्ये `fligner.test` तयारच आहे. पण क्रमांक घेतले की ३१ चे २१ केले काय किंवा ६१ केले काय, तिला फरक पडत नाही. द्राक्षकाटांना ते हवंय का?

निफाडकर
मीही हेच विचारणार होतो. मी बागायतदार आहे, टेस्ट-बिस्ट कळत नाही. पण ते ३१ ग्रॅम माझ्या मालातून गेले. शंभर पनेटांत असं एक गेलं तरी हिशोब होतो. तुम्ही त्याला किरकोळ ठरवणारी टेस्ट निवडताय का?

आकडेमोड_कॉलेजरोड
दादा, प्रश्न रास्त आहे. ०.३४ चा अर्थ दोन्ही लाइनी सारख्या आहेत असा नाही. दहा पनेटांत फरक दाखवता आला नाही, एवढाच. "नेहमीचं भरणं जास्त खाली-वर होतं का" हा एक प्रश्न, "२० ग्रॅमच्या वर किती वेळा जातं" हा दुसरा. दुसऱ्याला व्हेरिअन्सची टेस्ट नकोच, सरळ मोजणी हवी.

रामकुंडाजवळ
मला तसं वाटत नाही. शेपटी हासुद्धा चढउताराचाच भाग आहे. तिला वेगळं काढलं की व्हेरिअन्स म्हणून उरतं काय?

द्राक्षकाटा
ते ३१ कुठून आलं ते आज विचारलं. शेवटचा घड तोडला तर मणी सुटतात, म्हणून तो अख्खाच ठेवला होता. लाइन २ ला त्या दिवशी मोठ्या घडांचा प्लॉट होता. उद्या दोन्ही लाइनींना एकाच प्लॉटचा माल लावून प्रत्येकी ४० पनेटं मोजणार आहे.

आकडेमोड_कॉलेजरोड
ती ४० एकाच बाईची ओळीने घेऊ नका. एकीचा हात सगळ्या पनेटांत सारखा पडतो, मग ती ४० स्वतंत्र राहत नाहीत. अशा वेळी एफ काय, लेव्हीन काय, कुठलीच टेस्ट वाचवत नाही. प्रत्येक बाईची दोन-तीन, दिवसभरात विखुरलेली घ्या. आणि काटा किती ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो?

द्राक्षकाटा
लाइन १ चा १ ग्रॅमने. लाइन २ चा काटा गेल्या आठवड्यात बदललाय, तो बघावा लागेल.

सातपूर_लेथ
ताई, गेजच्या आधीचे ३० नग उद्या टाकतो इथे.