‘कॅलोचा त्रिकोण’ आणि ‘हिपॅटोबिलिअरी त्रिकोण’: एकच की दोन?

मुक्ता: दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनवरची एक मराठी पुस्तिका तपासतेय. एका पानावर ‘कॅलोचा त्रिकोण’ आहे, पुढे ‘हिपॅटोबिलिअरी त्रिकोण’. अनुवादकाने दोन्हीकडे ‘यकृत-पित्त त्रिकोण’ असं करून टाकलंय. पण पहिल्या ठिकाणी वरची बाजू धमनीची सांगितलीय आणि दुसऱ्या ठिकाणी यकृताची. जागा एकच असेल तर हे दोन्ही बरोबर कसं?

श्रीपाद: एकच आहे हो. आम्ही तीन ‘सी’ पाठ करायचो: सिस्टिक डक्ट म्हणजे पित्ताशयाची नळी, कॉमन हिपॅटिक डक्ट म्हणजे यकृताकडून येणारी नळी आणि सिस्टिक आर्टरी म्हणजे पित्ताशयाची धमनी. वरची बाजू धमनीचीच. यकृत लिहिलंय तिथे दुरुस्त करा.

अनघा (सर्जन): श्रीपाद, ते तीन ‘सी’ फ्रेंच सर्जन कॅलो यांचेच आहेत, तेवढं बरोबर. १८९०-९१च्या प्रबंधात त्यांनी असाच त्रिकोण सांगितला होता. पण मुक्ताताई, यकृत खोडू नका. आज ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही जो त्रिकोण म्हणतो, त्याची वरची बाजू यकृताची खालची कड असते. त्याला हिपॅटोबिलिअरी किंवा हिपॅटोसिस्टिक त्रिकोण म्हणतात. बाकीच्या दोन बाजू त्याच.

बदल का झाला ते सांगते. सिस्टिक धमनी शोधायलाच आम्ही त्या त्रिकोणात शिरतो. जी अजून सापडायची आहे, तिला कुंपण कसं मानणार? शिवाय ती ठरलेल्या जागी असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती उजव्या यकृत धमनीतून निघून त्रिकोणातून पित्ताशयाकडे जाते, पण कधी दोन धमन्या असतात, कधी एखादी नलिकेच्या पुढून जाते. यकृताची कड मात्र पित्ताशय वर ओढलं की डोळ्यांसमोर असते. म्हणून कॅलो यांचा त्रिकोण लहान आणि आजचा मोठा. लहान मोठ्याच्या पोटात बसतो.

मुक्ता: मग पित्त नक्की कुठून कुठे जातं? पुस्तिकेतल्या आकृतीवर ‘पित्तनलिका’ हा शब्द चार ठिकाणी आहे आणि चारही नळ्या वेगळ्या दिसतायत.

अनघा: हाच खरा धोक्याचा शब्द आहे. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नलिका येते. यकृताच्या दाराशी त्या एकत्र होऊन सामाईक यकृतनलिका बनते. तिला बाजूने पित्ताशयाची नळी, म्हणजे सिस्टिक डक्ट, येऊन मिळते. त्या संगमापासून खाली तिचं नाव सामाईक पित्तनलिका. ती ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, मागून उतरते आणि शेवटी स्वादुपिंडाच्या नळीसोबत ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात उघडते. सिस्टिक डक्टमध्ये पित्त दोन्ही दिशांना वाहतं: उपाशीपोटी पिशवीत, जेवल्यावर बाहेर. ऑपरेशनमध्ये कापायची ती फक्त हीच नळी. सामाईक नलिका कापली गेली तर यकृताचं पित्त आतड्यात जायची वाटच तुटते. म्हणून चारही ठिकाणी नुसतं ‘पित्तनलिका’ लिहू नका.

वैशाली: थोडं वेगळं विचारते. आईची पिशवी काढली, खडे होते. रिपोर्टमध्ये ‘रोकिटान्स्की-अशॉफ सायनस’ लिहिलंय. सायनस नाकाचा ना? तिला खरंच सर्दीचा त्रास आहे. दोन्हींचा संबंध असेल का?

मकरंद (पॅथॉलॉजिस्ट): नाही ताई, इथे सायनस म्हणजे नुसता खळगा. पित्ताशयाच्या भिंतीत आतून एकपदरी उंच पेशींचं घड्या पडलेलं अस्तर असतं. त्याखाली संयोजी ऊतीचा पातळ थर आणि लगेच स्नायू. हे अस्तर कधी कधी स्नायूंच्या फटीतून खोलवर आत शिरतं आणि पिशव्या तयार होतात. तेच हे सायनस. खडे आणि जुनी सूज असलेल्या पित्ताशयात ते नेहमी दिसतात. त्यांचं असणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पण रिपोर्टचा शेवटचा निष्कर्ष आईच्या डॉक्टरांकडून समजून घ्याच.

श्रीपाद: लगेच स्नायू कसे? अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये सबम्युकोसाचा थर असतो की.

मकरंद: जठरात आणि आतड्यात असतो, पित्ताशयात नसतो. अस्तरातला स्नायूंचा पातळ पदर, मस्क्युलॅरिस म्युकोसा, तोही नसतो. स्नायूही आतड्यासारखे दोन नीट थरांत नसतात, धागे उलटसुलट विणलेले असतात. मुक्ताताई, पुस्तिकेत भिंतीचे चार थर आतड्यासारखे काढले असतील तर ते आधी बदला. स्नायूंच्या बाहेर सैल ऊतीचा थर असतो. पोटाकडच्या बाजूला त्यावर सिरोसाचं गुळगुळीत आवरण असतं. यकृताला टेकलेल्या बाजूला ते नसतं, तिथे हाच सैल थर यकृताला जोडलेला असतो.

अनघा: आणि आमचं काम नेमकं त्याच सैल थरात चालतं. पित्ताशय यकृतापासून सोडवायचं ते तिथूनच. १९९५ साली सर्जन स्ट्रासबर्ग यांनी ‘क्रिटिकल व्ह्यू’ सांगितला, त्यात हे येतं. आधी त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ करायचे. मग पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवायचा, म्हणजे मागची पांढुरकी सिस्टिक प्लेट दिसते. मग पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी उरायला हव्यात, एक नळी आणि एक धमनी. पुढून आणि मागून दोन्हीकडून बघायचं. हे दिसल्याशिवाय नळीला किंवा धमनीला क्लिप लावायची नाही. सामाईक नलिका मुद्दाम उघडी करून बघायची मात्र गरज नसते.

एक केस सांगते. पन्नाशीच्या बाई, सुजेचा तिसरा झटका. भिंत जाड झालेली, सैल थर घट्ट चिकटलेला. पिशवीची मान सामाईक नलिकेला चिकटून बसली होती. पिशवी वर ओढली की सामाईक नलिकाही वर तंबूसारखी खेचली जाई आणि पिशवीच्या सरळ रेषेत येई. बघताना वाटे की हीच सिस्टिक डक्ट. दोन गोष्टींनी शंका आली. नळी रुंद होती, क्लिपमध्ये मावली नसती, आणि खाली थेट ड्युओडेनमच्या मागे जात होती. सिस्टिक डक्ट तशी जात नाही. प्लेट काही केल्या दिसेना. मग त्रिकोणात पुढे गेलो नाही. पिशवी उघडली, खडे काढले, मानेचा भाग तिथेच ठेवून उरलेली पिशवी काढली आणि निचऱ्याची नळी ठेवली. काही दिवस पित्त झिरपलं, मग थांबलं.

वैशाली: म्हणजे पिशवी अर्धीच काढली? ते चालतं?

अनघा: अशा वेळी तेच सुरक्षित. उरलेल्या भागात पुन्हा खडे होऊ शकतात, ते रुग्णाला आधी सांगावं लागतं. पण सामाईक नलिका कापली गेली तर ती जोडायला मोठं ऑपरेशन लागतं आणि ते जोडकाम पुढे अरुंद होऊन काविळही होऊ शकते.

श्रीपाद: परीक्षेत मात्र ‘कॅलो’ विचारलं की धमनीच लिहावी लागते.

मकरंद: प्रश्नात ‘मूळ’ असा शब्द असेल तर हो. नुसतं ‘कॅलोचा त्रिकोण’ म्हटलं तर सर्जनसुद्धा आज बहुतेक वेळा मोठाच त्रिकोण म्हणतात. हा घोळ शब्दकोशात मिटणारा नाही.

मुक्ता: मग असं करते. ऑपरेशनच्या पानांवर सगळीकडे ‘हिपॅटोसिस्टिक त्रिकोण’, वरची बाजू यकृताची कड. कॅलो यांचं नाव फक्त इतिहासाच्या परिच्छेदात, धमनीसकट. नळ्यांना ‘सामाईक यकृतनलिका’, ‘सामाईक पित्तनलिका’ आणि ‘पित्ताशयनलिका’. ‘सिस्टिक प्लेट’ला मात्र शब्द सुचत नाहीये.

अनघा: ‘पित्ताशयाची बैठक’ असं करू नका, ती यकृतातली खाच झाली. प्लेट म्हणजे त्या खाचेवरचा तंतूंचा पडदा. मी तरी ‘सिस्टिक प्लेट’च ठेवेन.

मकरंद: ‘पडदा’ म्हटलं तर वाचणाऱ्याला पोटाचं पेरिटोनियम, म्हणजे ते गुळगुळीत आवरण, वाटेल, आणि नेमकं त्या बाजूला तेच नसतं. याहून बरं कुणाला सुचत असेल तर सांगा.