मदत हवी आहे: इंग्रजी निबंधात कॉमा नेमका कुठे चुकतोय?

कोरा_कागद

आयईएलटीएसच्या रायटिंगची तयारी चालू आहे. दुसऱ्या टास्कचा निबंध, म्हणजे ४० मिनिटांत किमान २५० शब्द. तपासून आलेल्या प्रत्येक निबंधावर 'कॉमा स्प्लाइस' आणि 'रन-ऑन' हे दोन शेरे असतात, पण दुरुस्ती कशी करायची ते लिहिलेलं नसतं. परिच्छेदाचा एक तुकडा देते. धाग्यावर सोयीचं पडावं म्हणून देवनागरीत लिहिलाय, विरामचिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत:

"मेनी स्टुडंट्स वर्क पार्ट-टाइम, दे अर्न मनी, हाउएव्हर, देअर मार्क्स फॉल. बिकॉज दे आर टायर्ड. धिस इज अ बिग प्रॉब्लेम, इट नीड्स अ सोल्यूशन."

मोठ्याने वाचलं की मला यात काहीच खटकत नाही. काय चुकलंय, आणि परीक्षेच्या वेळात ते कसं पकडायचं?

सरळरेघ

तुमची वाक्यं फार लांब होतायत. पंधरा शब्दांच्या पुढे गेलं की वाक्य तोडायचं. आणि वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे कॉमा, जिथे पूर्ण थांबावंसं वाटतं तिथे पूर्णविराम. मोठ्याने वाचून बघा, आपोआप कळेल.

व्याकरणवेडी

सरळरेघ, तोडायचा सल्ला बरोबर आहे, पण त्याचं कारण लांबी नाही. "इट रेन्ड, वी लेफ्ट" हे चार शब्दांचं वाक्य आहे आणि ते चूक आहे. उलट चाळीस शब्दांचं वाक्य नीट जोडलेलं असेल तर पूर्ण बरोबर असू शकतं. आणि श्वासावर विसंबलं तर मराठी कान दगा देतो. "पाऊस आला, शाळा सुटली, आम्ही घरी गेलो" हे आपल्याकडे सुंदर मराठी आहे. तीन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामांनी ओवली तरी कुणाला खटकत नाही. तीच लय इंग्रजीत नेली की कॉमा स्प्लाइस होतो, कारण परीक्षेच्या इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं जोडायला एकटा कॉमा पुरत नाही. कोरा_कागद यांना वाचताना काही खटकत नाही, ते याचमुळे.

म्हणून कानाऐवजी एक चाचणी वापरा. कॉमाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे "इज इट ट्रू दॅट" लावून प्रश्न करा. प्रश्न नीट बनला तर तो तुकडा पूर्ण वाक्य आहे. "इज इट ट्रू दॅट दे अर्न मनी?" बनतो. "इज इट ट्रू दॅट बिकॉज दे आर टायर्ड?" बनत नाही, अर्धवट लोंबकळतो. दोन्ही बाजूंचे प्रश्न बनले आणि मध्ये फक्त कॉमा असला, तर स्प्लाइस. तिथे कॉमासुद्धा नसला, तर रन-ऑन.

आता तुमचा तुकडा. पहिल्या वाक्यात तीन वाक्यं आहेत: विद्यार्थी काम करतात, ते पैसे मिळवतात, त्यांचे गुण घसरतात. तिन्ही चाचणीत पास. दुसरं वाक्य उलट्या रोगाचं आहे: "बिकॉज"पासून सुरू होऊन पूर्णविरामावर संपलेला, एकट्याने उभा न राहणारा तुकडा. तिसऱ्यात पुन्हा स्प्लाइस. मी असं लिहीन:

"मेनी स्टुडंट्स वर्क पार्ट-टाइम अँड अर्न मनी. हाउएव्हर, देअर मार्क्स फॉल बिकॉज दे आर टायर्ड. धिस इज अ बिग प्रॉब्लेम दॅट नीड्स अ सोल्यूशन."

शब्द जवळजवळ तेच आहेत. "दे" काढून "अँड" घातला, एक पूर्णविराम हलवला, "इट"च्या जागी "दॅट" आला.

दुपारची_शिफ्ट

माझाही कॉमाचाच घोळ आहे. "पेन्स, पेन्सिल्स, अँड पेपर" असं लिहिलं की एक जण "अँड"आधीचा कॉमा खोडतो, दुसरा घालायला सांगतो. वर "वर्क पार्ट-टाइम अँड अर्न मनी" मध्ये कॉमा नाही, म्हणजे "अँड"आधी कॉमा नकोच ना?

व्याकरणवेडी

तुमचा प्रश्न यादीचा आहे, इथला वाक्यं जोडण्याचा. यादीतल्या शेवटच्या "अँड"आधी कॉमा देणं न देणं दोन्ही चालतं. अमेरिकन लेखनात तो जास्त दिसतो, ब्रिटिश लेखनात कमी. अख्ख्या निबंधात एकच पद्धत ठेवा.

"अर्न मनी"च्या आधी कॉमा नाही याचं कारण निराळं आहे. तिथे कर्ता एकच आहे, "स्टुडंट्स", आणि "अर्न मनी" एकट्याने वाक्य होत नाही. "मेनी स्टुडंट्स वर्क पार्ट-टाइम, अँड देअर पेरेंट्स सपोर्ट देम" असं लिहिलं तर उजवीकडे नवा कर्ता घेऊन पूर्ण वाक्य येतं, म्हणून तिथे कॉमा हवा. म्हणजे "अँड" दिसला म्हणून निर्णय करायचा नाही, त्याच्या उजवीकडे काय आहे ते बघायचं.

कोरा_कागद

चाचणी कळली. पण "हाउएव्हर"चा गुंता तसाच आहे. "इज इट ट्रू दॅट हाउएव्हर देअर मार्क्स फॉल" हेही विचित्रच वाटतं. मग "बिकॉज"सारखा तोही अपूर्ण तुकडा का नाही? मी तर "हाउएव्हर" म्हणजे "पण" असंच धरून चालले होते. "बट"आधी कॉमा चालतो, मग याच्याआधी का नाही?

व्याकरणवेडी

अर्थ "पण"चा आहे, काम "पण"चं नाही. शब्द हलवून बघा. "देअर मार्क्स, हाउएव्हर, फॉल." "देअर मार्क्स फॉल, हाउएव्हर." वाक्यात कुठेही ठेवला तरी चालतो. "देअर मार्क्स बट फॉल" होईल का? "देअर मार्क्स बिकॉज फॉल"? नाही. जो शब्द जागेवरून हलत नाही तो सांधा आहे, दोन वाक्यं धरून ठेवतो. जो इकडेतिकडे फिरतो तो वाक्यातला पाहुणा आहे. त्याच्या जिवावर जोड टिकत नाही.

म्हणून चाचणी करताना फिरणारा शब्द आधी काढून ठेवायचा, न हलणारा तसाच ठेवायचा. "हाउएव्हर" काढला की "देअर मार्क्स फॉल" हे पूर्ण वाक्य उरतं. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा सेमिकोलन लागतो आणि त्याच्यानंतर कॉमा. "देअरफोर", "मोरओव्हर", "कॉन्सिक्वेंटली" आणि "देन" हेही याच जातीचे. "देन" सगळ्यात फसवा आहे, कारण तो छोटा आणि साधा दिसतो.

जुना_पेपर

परीक्षेच्या बाजूने थोडं. ग्रामरच्या निकषात सातव्या बँडला चुका नसलेली वाक्यं वारंवार दिसावी लागतात, आणि विरामचिन्हांवर पकडही त्याच निकषात येते. कोरा_कागद यांच्या पहिल्या वाक्यातले तिन्ही तुकडे व्याकरणाने स्वच्छ आहेत. वेगळे लिहिले असते तर तीन निर्दोष वाक्यं दिसली असती. कॉमांनी जोडल्यामुळे दिसतं ते एक सदोष वाक्य. परीक्षक वाक्यं मोजून गणित मांडत नाही, पण पानाचा एकूण ठसा असाच तयार होतो.

पकडायची पद्धत: शेवटची चार मिनिटं राखा आणि तेव्हा अर्थ वाचू नका. फक्त कॉमावरून कॉमावर उड्या मारा आणि प्रत्येक कॉमाच्या लगेच पुढचा शब्द बघा. तो "आय", "ही", "इट", "दे", "वी", "धिस", "दीज", "देअर" किंवा फिरणाऱ्या शब्दांपैकी एक असेल तर थांबा आणि कॉमाच्या डावीकडचा भाग तपासा. डावीकडे "इफ", "व्हेन", "ऑल्दो", "बिकॉज" यांपैकी काही सुरुवातीला असेल तर कॉमा बहुधा बरोबर आहे: "इफ दे आर टायर्ड, दे मेक मिस्टेक्स." असं काही नसेल आणि डावी बाजू एकटी उभी राहत असेल, तर कॉमाचा पूर्णविराम करा आणि पुढचं अक्षर कॅपिटल करा.

"धिस" आणि "इट"वर विशेष लक्ष द्या. ते मागच्या गोष्टीकडे बोट दाखवतात, म्हणून मनाला वाटतं की वाक्य अजून चालूच आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ते नवं वाक्य असतं. "दे स्लीप लेस, धिस अफेक्ट्स देअर हेल्थ" मध्ये "धिस"च्या जागी "विच" घातलात तर कॉमा तसाच ठेवता येतो.

हाताने लिहीत असाल तर पूर्णविरामाला शेपूट फुटू देऊ नका. घाईतला टिंब कॉमासारखा दिसतो आणि नसलेली चूक तयार होते.

सरळरेघ

श्वासाचं मागे घेतो, "इट रेन्ड, वी लेफ्ट" पटलं. मग सगळीकडे सेमिकोलनच का नको? त्याने दोन वाक्यं जोडली जातात आणि छापही पडते.

व्याकरणवेडी

जोडली जातात, पण दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य असेल तरच. "देअर मार्क्स फॉल; बिकॉज दे आर टायर्ड" हे चूक, कारण उजवी बाजू एकटी उभी राहत नाही. सेमिकोलन खुलतो तो दोन वाक्यं समोरासमोर तोलली असतील तेव्हा: "सम स्टुडंट्स वर्क फॉर मनी; अदर्स वर्क फॉर एक्स्पिरिअन्स." पुढचं अक्षर लहान. असं एखादं वाक्य निबंधात आलं तर उत्तम. प्रत्येक परिच्छेदात तीन आले की लेखक पूर्णविराम द्यायला कचरतोय असं वाटतं. शंका असेल तिथे पूर्णविराम द्या. सेमिकोलनच्या जागी तो कधी व्याकरणाने चुकत नाही.

याला अपवाद मोठ्या याद्यांचा, जिथे प्रत्येक घटकाच्या पोटातच कॉमा असतो. परीक्षेच्या निबंधात तशी वेळ क्वचित येते.

कोरा_कागद

जुन्या निबंधावर कॉमा-उड्या मारून पाहिल्या. सात स्प्लाइस सापडले, त्यातले पाच "धिस" आणि "इट"चे. एक अडलं: "द मोर दे वर्क, द लेस दे स्टडी." कॉमा बदलायचा का? शिवाय "बट"ने नवं वाक्य सुरू केलं तर चालेल का?

व्याकरणवेडी

पहिला कॉमा ठेवा. "द मोर… द लेस" ही जोडीची रचना आहे, तिच्यात कॉमाच लागतो. "इट इज लेट, इझन्ट इट?" यातलाही तसाच ठेवायचा. "बट"ने सुरुवात व्याकरणाला मान्य आहे. एखाद्या वेळी खुशाल करा.

जुना_पेपर

"बट"बाबत मी सहमत नाही. चूक नाही हे खरं, पण औपचारिक निबंधात "हाउएव्हर" हाताशी असताना तो धोका कशाला? काही तपासणारे त्याला बोलीभाषा समजतात.

व्याकरणवेडी

उलट "हाउएव्हर"ची सक्ती झाल्यामुळेच तो कॉमांच्या मध्ये अडकून येतो. ज्यांना तो अजून नीट पेलत नाही, त्यांच्यासाठी कॉमा आणि "बट" जास्त सुरक्षित: "दे अर्न मनी, बट देअर मार्क्स फॉल."

जुना_पेपर

वाक्याच्या मध्ये "बट" असेल तर माझी हरकत नाही. परिच्छेदाच्या सुरुवातीला मात्र मी अजूनही खोडेन.