मदत हवी आहे : एकच पत्ता पाच आठवडे पिच्छा सोडत नाहीये

तापीकाठची
टॅरो येणाऱ्यांनी लवकर सांगा. रोज सकाळी तीन पत्ते काढते. पाच आठवडे झाले, तोच पत्ता! आज परत. काही वाईट आहे का?

भरीतवाला
कोणता पत्ता? विचारतेस काय? मनातलं आम्हाला कसं कळणार, बाई?

तापीकाठची
तलवारींची अठ्ठी. जळगावची नोकरी सोडून पुण्याला जाऊ का, एवढंच विचारते.

चंद्रकोर
निरोप आहे, तू ऐकत नाहीयेस. खुलाशाला आणखी दोन पत्ते काढ.

जुना_कॅट
जास्त पत्ते काढले की तो दिसणारच जास्त. ताई, वहीत मोजा, किती वेळा आला? पिसता कशा? काढलेले पत्ते कुठे ठेवता?

तापीकाठची
35 दिवसांत 9 वेळा. त्यातला 6 वेळा एक-दोन दिवसांच्या आत परत. हातातल्या हातात चार-पाचदा पिसते. काढलेले तीन वरच ठेवते.

जुना_कॅट
मग गोम तिथेच आहे. 78 पत्त्यांतून रोज तीन काढले, तर 35 दिवसांत कुठलातरी एक पत्ता चार-पाच वेळा येणं साधी गोष्ट आहे. नऊ जास्त झाले, आणि तेही लागोपाठ. हातातल्या पिसण्यात पत्त्यांचे गठ्ठेच हलतात, शेजारी शेजारीच राहतात. कॅट जमिनीवर पसरा, दोन्ही हातांनी कालवा, मग गोळा करा. तरीही आला, तर बोलू.

सावद्याचा_शरद
केळीच्या बागेत आम्ही मेंढीकोट खेळायचो. इस्पिकची राणी कोपऱ्यात मुडपलेली, काटलं की तिथेच कॅट उघडायचा. काका कायम जिंकायचे. आता काका नाहीत. केळीला भावही नाही.

भरीतवाला
शरदभाऊ, भावाचा धागा वेगळा आहे. पण मुडपलेला कोपरा बघ गं, तेही होतं.

चंद्रकोर
वर तीन पत्ते ठेवते ना? मग बाकीचे दोन का नाही येत? हाच का?

जुना_कॅट
येत असतील. वही बघा.

तापीकाठची
अरेच्चा. पेल्यांची तिर्री 7 वेळा आहे. तिघी बायका पेले उंचावून नाचतात तो. माझं लक्षच नव्हतं.

जुना_कॅट
बघा. भीती वाटली तो पत्ता लक्षात राहिला, नाचणारा गेला. अठ्ठीचंही चित्र नीट बघा, 1909 च्या रायडर-वेट टॅरो कॅटमधलं. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर, पण पाय मोकळे आणि समोर एकही तलवार नाही. संकट येतंय असं त्यात मला दिसत नाही. तोच प्रश्न 35 वेळा विचारलात, हे मात्र दिसतं.

चंद्रकोर
म्हणजे निरोप आहेच की!

जुना_कॅट
पत्त्याचा म्हणा, वहीचा म्हणा.

तापीकाठची
पसरून कालवून आज नववा दिवस. आठ दिवस आला नाही. आज आला. आता?

भरीतवाला
पुण्यात भाडं किती पडेल, ते विचारलंस का कोणाला?