प्याद्याचा वजीरच का? हत्ती-घोड्याची गरज खरंच पडते का?

सांगलीकर_६४:
प्यादं शेवटच्या घरात गेलं की डोळे मिटून वजीर करावा. हत्ती आणि घोडा ही कोडी रचणाऱ्यांची हौस आहे. वजिरात हत्तीची चाल आहेच, मग कमी ताकदीचं मोहरं कोण घेईल? क्लासमध्ये मुलांचा यात वेळ घालवणं बंद करा. ज्यांना पटत नाही त्यांनी एक तरी डाव दाखवावा जिथे वजीर करून जिंकता येत नाही आणि हत्ती करून येतं.

उंटाची_तिरकी:
दाखवतो. ही पोझिशन एखाद्या ॲनालिसिस बोर्डवर चिकटवा.

```
8/8/1KP5/3r4/8/8/8/k7 w - - 0 1
```

पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. चाल पांढऱ्याची.

```
1.c7 Rd6+ 2.Kb5 Rd5+ 3.Kb4 Rd4+ 4.Kb3 Rd3+ 5.Kc2 Rd4
```

राजा b च्या पट्टीतूनच खाली का येतो ते आधी पाहा. तो मध्येच c च्या पट्टीत गेला, तर काळा हत्ती d1 वर जातो. मग आपण वजीर केला की c1 वरून शह बसतो, राजाला हटावं लागतं आणि मागचा वजीर पडतो. दुसऱ्या चालीला b7 वर गेलात तर हत्ती d7 वर येऊन प्यादं जखडतो. पण c2 वर पोचल्यावर राजा d1 आणि d3 ही दोन्ही घरं बघतो, म्हणून तिथे c च्या पट्टीत यायला हरकत नाही.

आता काळ्याच्या Rd4 कडे या. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वजीर करा. काळा c4 वर शह देतो. वजिराने हत्ती मारलाच पाहिजे, नाहीतर वजीरच जातो. आणि मारल्यावर काळा राजा a1 वर अडकतो: b1 आणि b2 आपल्या राजाने धरलेली, a2 वजिराच्या तिरक्या रेषेत. शह नाही, चालही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत.

तिथे हत्ती केला तर c4 वर येणारा हत्ती मारल्यावरही a2 मोकळं राहतं. काळा राजा a2 वर जातो आणि आपण a4 वर हत्ती आणून मात करतो. कमी ताकद इथे हवी आहे, कारण a2 चं घर सोडायचं आहे.

सांगलीकर_६४:
पण काळा शह देईल कशाला? तो शांत बसला तर हत्तीविरुद्ध हत्ती उरतो आणि ती साधी बरोबरी आहे. तुम्ही सोयीची चाल निवडलीत.

उंटाची_तिरकी:
शांत बसायला त्याला वेळच नाही. हत्ती c8 वर झाला की पुढची धमकी a8 वरून मातीची आहे. ती अडवायला काळ्याकडे एकच उपाय, हत्ती a4 वर. मग आपला राजा b3 वर जातो. एकाच चालीत a4 च्या हत्तीवर घाव आणि c1 वरून मातीची धमकी. दोन्ही एका चालीत वाचत नाहीत.

ही माझी रचना नाही. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका वृत्तपत्रात बार्बिए यांनी हा शेवट बरोबरीचा म्हणून छापला होता. हत्तीची चाल तिथेच राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश पाद्रीने दाखवली.

मामांची_खेळी:
हत्ती करणं म्हणजे समोरच्याला हिणवणं. हरत आलेल्या माणसासमोर मुद्दाम हत्ती ठेवतात, 'एवढ्यानेही तुला हरवतो' म्हणून. मुलांना हे शिकवू नये या मताशी मी सहमत.

उंटाची_तिरकी:
मामा, विषय तो नाही. स्टेलमेट होत असताना हत्ती करण्यात उर्मटपणा कसला?

डोंबिवली_फास्ट_चेस:
मग मुलांना सांगा ना, नेहमी हत्तीच करा. स्टेलमेटची भीतीच संपली. आणि घोडा फक्त फोर्क मिळत असेल तर. दोन नियम, विषय संपला.

रेवदंडा_राणे:
दोन्ही अर्धेच बरोबर. एकट्या राजाला वजीर जास्तीत जास्त १० चालींत मात करतो, हत्तीला १६ पर्यंत लागतात. पाच सेकंद उरली असतील तर हा फरक जीवघेणा आहे. आणि समोरच्याकडे हत्ती असेल तर वजीर सहसा जिंकतो, हत्ती सहसा बरोबरीत अडकतो. म्हणून सवयीने हत्ती करणारा मुलगा अर्धे गुण घालवत बसेल.

घोड्याचं मुख्य काम शह देणं आहे, फोर्क नंतर. काळा राजा d1 वर, काळं प्यादं e2 वर, पांढरा राजा d3 वर, पांढरा हत्ती a8 वर. चाल काळ्याची. वजीर केला तर a1 वरून लगेच मात, कारण वजीर राजाच्या पलीकडे उभा असल्याने मध्ये येऊ शकत नाही. पण e1 वर घोडा केला तर d3 च्या राजाला शह बसतो आणि पांढऱ्याला मातीसाठी चाल मिळत नाही. राजा e3 वर गेला तर घोडा g2 वरून शह, राजा परत d3 वर आला तर घोडा परत e1 वर. फोर्क कुठेच नाही, पण हरलेला डाव वाचला.

डोंबिवली_फास्ट_चेस:
ठीक, शहाचं मान्य. मग कडेच्या प्याद्यालाही तेच चालेल.

रेवदंडा_राणे:
तिथेच घात होतो. काळा राजा b1, प्यादं a2, पांढरा राजा b3, हत्ती h8. a1 वर वजीर केला तर h1 वरून मात. घोडा केला तर शह बसतो खरा, पण राजा c3 वर सरकतो. कोपऱ्यातल्या घोड्याला b3 आणि c2 ही दोनच घरं, आणि दोन्ही राजाने धरलेली. घोडा कोंडला जातो आणि डाव हरतो.

मामांची_खेळी:
हे सगळं पटावर ठेवायला जादा वजीर तरी मिळतो का? आमच्याकडे उलटा हत्ती ठेवतात आणि तो वजीर धरतात.

घड्याळजी:
मामा, हीच सवय मुलांना मारते. फिडेच्या स्पर्धेत उलटा हत्ती म्हणजे हत्तीच. २०१७ च्या कॅनडा विजेतेपदाच्या टायब्रेकमध्ये हेच झालं. खेळाडूने उलटा हत्ती ठेवला, पंचांनी तो हत्तीच धरला. जादा वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. त्यासाठी घड्याळ थांबवायला परवानगी आहे.

मामांची_खेळी:
पण तिथे वजीर प्रतिस्पर्ध्याच्या हातात होता! वजीर लपवणारा जिंकतो आणि मागणारा हरतो, हा कुठला न्याय?

घड्याळजी:
न्यायाचा मुद्दा वेगळा, नियमाचा वेगळा. मोहरं बढतीच्या घराला टेकलं की निवड पक्की. हत्ती टेकला, हत्ती झाला.

मामांची_खेळी:
आणि प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर?

घड्याळजी:
बेकायदा चाल, आणि त्या प्याद्याचा वजीर केला जातो. तेव्हा घोडा हवा असणाऱ्याने तर घाई अजिबात करू नये. ॲपवर खेळणाऱ्यांनी आपोआप वजीर करणारी सेटिंग बंद ठेवावी, नाहीतर राणेंच्या पहिल्या पोझिशनमध्ये मात खाल.

मामांची_खेळी:
नियम चुकीचा आहे, एवढंच म्हणतो. आयोजकांनी प्रत्येक पटाशेजारी दोन्ही रंगांचे जादा वजीर ठेवले पाहिजेत.

सांगलीकर_६४:
धागा कुठे नेलात! सावेद्राची पोझिशन लावून पाहिली, शेवटपर्यंत बरोबर आहे. 'डोळे मिटून' हा शब्द मागे घेतो. पण नवख्यांना आधी वजिराने नीट मात करता यावी, घोडा-हत्ती त्यानंतर, हे मत कायम आहे.

रेवदंडा_राणे:
क्रम तुमचा ठेवा, पण एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. वजीर ठेवण्याआधी समोरच्या राजाची मोकळी घरं मोजायची, आणि त्याची लगेचची शहाची किंवा मातीची चाल बघायची. राजाला घरच उरत नसेल तर हत्तीचा विचार करा. आपल्यावर मात येत असेल तर घोड्याने शह बसतो का ते पाहा.

सांगलीकर_६४:
दहा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांच्या डावात हे मोजून होईल?

उंटाची_तिरकी:
पाच मिनिटांत नसेल, तासाच्या डावात होईल. आणि सावेद्रात Ra4 नंतर Kb3 सापडली नाही तर नुसता हत्ती करून काय उपयोग, हे मात्र तुमच्या बाजूचं आहे.