विहिणीवरचं गाणं मावशीनं म्हटलं तर हसू, अँकरनं म्हटलं तर भांडण?

पंचवटीकर
मागच्या आठवड्यात मामेभावाचं लग्न झालं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. आम्ही मुलाकडचे. दुपारी विहिणीच्या पंगतीला मुलीच्या मावशीनं माझ्या मामीवर गाणं म्हटलं:

आली आली विहीणबाई पदर सावरीत
चार लाडू ताटात, चार ओटीत चोरीत

मामी पदर तोंडाला लावून हसली आणि मावशीच्या हातात शंभराची नोट ठेवली. संध्याकाळी रिसेप्शनला पैसे देऊन आणलेल्या अँकरनं तोच लाडवांचा विनोद माइकवरून केला, तर मामीचा चेहरा उतरला आणि तिच्या दिरानं त्याच्या हातातून माइक काढून घेतला. लाडू तेच, चोरीही तीच. मग दुपारी गोड आणि संध्याकाळी अपमान, हे कसं? आणि असल्या गाण्यांना आता रजा द्यावी का?

ओझरचा प्रसाद
यात कोडं काही नाही. शुभकार्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम नावं ठेवतात. पूर्वी पोर जगावं म्हणून त्याचं नाव धोंडू ठेवायचे, तसंच. शिमग्याला बोंब मारतो तीही इडापिडा जावी म्हणूनच. घरच्यांनी ठेवलेली नावं दृष्ट काढतात. अँकर पैसे घेऊन बोलतो, त्यानं कसली दृष्ट निघणार?

सिन्नरच्या काकू
प्रसाद, दृष्टीचं आमच्या आजीही सांगायची, ते खोटं नाही. पण दृष्टच काढायची असती तर गाणी नवरा-नवरीवर झाली असती, कारण दृष्ट लागायची भीती त्यांची. ही गाणी विहिणीवर, व्याह्यांवर, करवल्यांवर असतात. मुलीकडच्या बायका मुलाकडच्यांना नावं ठेवतात. लग्न ठरल्यापासून मुलीकडचे वाकलेले असतात. मानपान त्यांनी करायचा, पाय त्यांनी धुवायचे, काही कमी पडलं तर ऐकून त्यांनीच घ्यायचं. त्या सगळ्या दिवसांत उलटं बोलायची सोय एवढ्या पंगतीपुरती आहे.

मी पस्तीस वर्षं ही गाणी म्हणतेय, तर रीत सांगते. वरमाईला पाटावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळीची महिरप, उदबत्ती. आधी मानाची गाणी. विहीण कशी लक्ष्मीच्या पावलानं आली, तिचा चुडा कसा शोभतो. मग थट्टा. ती खादाड, तिचा नवरा मिशाळ आणि घोरणारा, तिच्या नणंदेचं नाक वर. वरमाईच्या बाजूनं कोणीतरी उलट म्हणायचं, की तुमच्या भाजीत मीठ नाही नि तुमच्या अंगणात सारवण नाही. दोन-चार फेऱ्या होतात. आणि शेवटी आवाज खाली येतो. लेक नाजूक आहे, पदरात घ्या, चुकली तर पोटात घाला. तिथं गाणारीचे आणि ऐकणारीचे दोघींचे डोळे भरतात.

त्या पोरानं यातला मधला तुकडा उचलला. पुढचा मान नाही, मागची लेक नाही. आणि त्याला उलट उत्तर कोणी द्यायचं? मामीनं त्याच्या आईला नावं ठेवायची म्हटलं तर ती आहे कुठं?

पंचवटीकर, एक विचारते. तो लाडवांवरच थांबला का, की पुढं काही बोलला?

देवळाली कॅम्प
आमच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. बूट लपवल्यावर जावयाकडून किती रुपये मागायचे याची आजकाल काही पद्धत आहे का? आमच्या मेहुण्यांच्यात पाच हजारांवरून चांगलीच जुंपली होती.

सिन्नरच्या काकू
दादा, आकडा आदल्या दिवशीच दोन्हीकडच्या मोठ्यांत कानात ठरवून ठेवा. मुलींना सांगू नका. त्यांना हुज्जत घालू द्या.

निफाडची लेक
काकू, तुम्ही फार गोड लिहिलंत, पण मला दुसरी बाजू लिहायची आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी फेब्रुवारीत गारपीट झाली. काढणीला आलेली द्राक्षाची बाग दोन एकर झोपली. लग्न पुढं ढकलता येत नव्हतं. वडिलांनी कर्ज काढून ते केलं. पंगतीला सासरकडच्या एका बाईनं उलट उत्तरात म्हटलं, की या व्याह्यांचा हात आखडता, पंचपक्वान्न सांगितलं नि वरणभातावर भागवलं. सगळे हसले. आईसुद्धा हसली, कारण हसावंच लागतं. नंतर ती स्वयंपाकाच्या मागच्या खोलीत जाऊन रडली. मी नवरीच्या वेशात होते, उठूही शकले नाही. आज अकरा वर्षं झाली. त्या बाई नात्यातल्याच होत्या. मग नात्यातलं म्हणून चालतं, हे कसं मानू? रागावलं की लोक म्हणतात, 'गाणंच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!' तोंड बंद करायची ही सोय झाली.

नाशिकरोड, इतिहासाचा मास्तर
ताई, तुमचं म्हणणं या विषयाच्या अभ्यासकांनाही टाळता आलेलं नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं 1940 साली थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काही नात्यांत एकानं चिडवायचं आणि दुसऱ्यानं राग मानायचा नाही, हे रूढीनं बांधलेलं असतं. कधीकधी चिडवणं नुसतं चालत नाही, ते करावंच लागतं. याला तो 'परवानगी असलेला अनादर' म्हणतो. ही नाती लग्नानं जोडलेली असतात, म्हणजे दोन घरं जवळ आलेली असतात पण एक झालेली नसतात. भांडण होण्याची कारणं पुष्कळ आणि भांडून चालणार नाही, अशा जागी एक तर थट्टा येते नाही तर फार जपून वागणं येतं. आपल्याकडे दोन्ही आहेत. भावजय धाकट्या दिराची थट्टा करील, पण थोरल्या दिरासमोर पदर सावरून बसेल. मेहुणी जावयाला छळेल, सासू जावयाशी बेतानंच बोलेल.

पण या लेखात राग न मानण्याची सक्ती कोणावर जड पडते, हा प्रश्न सुटत नाही. तुमच्या आईवर ती जड पडली.

खंडाळा तालुका
नातं असेल तरच शिवी चालते, हे मला पटत नाही. आमच्याकडे, सातारा जिल्ह्यात, सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. वाद्यं वाजत असतात, पोलीस मध्ये उभे असतात, कारण पलीकडच्या बाईला ओढून आपल्या काठावर आणायचा प्रयत्न होतो. याला बोरीचा बार म्हणतात. तिथं कोण कोणाची विहीण? तरी घरी जाताना कोणी मनात धरत नाही.

सिन्नरच्या काकू
तिथं मध्ये ओढा आहे, दिवस एकच आहे आणि समोरचीला तोंड आहे. पहिल्या शिवीला दुसरी तयार असते. मला वाटतं नात्याइतकंच हेही धरावं लागेल. तुमचं उदाहरण माझ्या म्हणण्यात पुरतं बसत नाही, हे मान्य.

निफाडच्या लेकी, तुझं वाचून वाईट वाटलं. त्या बाईची चूक मी सांगते. गाणाऱ्या बाईनं आदल्या रात्री दुसऱ्या घरचं सगळं विचारून घ्यायचं असतं. घरात कोण आजारी आहे, कोणाचं मोडलंय, कोणाला मूल नाही, कर्ज कोणावर आहे. हे त्या गोष्टी गाण्यात घालायला नाही, गाळायला. विहीण लाडू चोरते असं म्हणता येतं, कारण ती चोरत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिच्या घरी खरंच चणचण आहे तिला चिक्कू म्हणायचं नाही. माझ्या आईनं मला पाठ करायला गाणी दिली त्याआधी हे दिलं. जिला सगळं ठाऊक असतं आणि तरी जी ते सोडून बाकीचं बोलते, तिच्या तोंडचं विहिणीला चालतं, कारण काय गाळलं तेही तिला ऐकू येतं. परक्याला काय गाळायचं हेच ठाऊक नसतं. आणि तुझ्या सासरच्या त्या बाईंनी विचारलंच नाही, म्हणजे त्या वेळी त्याही परक्याच झाल्या.

निफाडची लेक
गारपिटीचं तर सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, काकू. त्यांना ठाऊक होतंच. मग ती चूक कशी म्हणू?

पंचवटीकर
काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आधी लिहायचं टाळलं होतं. तो पुढं बोलला. लाडवांनंतर स्टेजवरून म्हणाला, 'आणि आमचे व्याहीबुवा कुठे लपलेत, लाडू मोजायला गेले का?' मामा दोन वर्षांपूर्वी गेले. त्याला माहीत नव्हतं, त्यानं नंतर मामीचे पाय धरून माफी मागितली. मामीच्या दिरानं माइक घेतला तो त्या वाक्यावर.

काल रात्री मी मुलीच्या मावशीला फोन केला. म्हटलं, तुमच्या गाण्यात व्याह्यांच्या मिशीचं कडवं असतं ना, ते त्या दिवशी कुठं गेलं? त्या म्हणाल्या, 'ते मी म्हणणार होते होय रे?' मामीनं नोट ठेवली ती बरोबर त्याच जागी, जिथं ते कडवं यायला हवं होतं. मला ते आज कळलं.

पण एक खरं सांगायला हवं. मामीचा चेहरा पहिल्या लाडवालाच उतरला होता, मामांच्या वाक्याच्या आधी. तेव्हा तो काही चुकीचं बोललेला नव्हता.

सिन्नरच्या काकू
समोर चारशे माणसं होती. पंगतीत वीस असतील, आणि त्यात बाप्ये नसतात. आम्ही गायला बसलो की दार लोटून घेतो, मोबाइल कोणी काढला तर मी गाणं थांबवते. वरमाई हसते ती त्या वीस जणींत. मुलाच्या साहेबांसमोर आणि व्हिडिओवाल्यासमोर ती कशी हसणार?

ओझरचा प्रसाद
मग अँकरला आधी लिहून द्यायचं काय बोलायचं नाही ते. प्रश्न मिटला.

निफाडची लेक
कोणाच्या घरी कोण गेलंय आणि कोणावर किती कर्ज आहे, हे पैसे देऊन आणलेल्या माणसाला लिहून द्यायचं, प्रसाद? माझ्या आईचं तरी मी दिलं नसतं.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न माघात आहे. आई म्हणते पंगत होऊ दे, गाणी नकोत. होणाऱ्या भावजयीची आजी म्हणते गाण्याशिवाय पंगत कसली. काकू, तुम्ही सिन्नरहून याल का? आल्यावर आधी आईशी बोला.

सिन्नरच्या काकू
तारीख कळव. आदल्या दिवशी मुक्कामाला येते. आणि आईनं नाही म्हटलं तर फक्त मानाची आणि लेक हवाली करायची म्हणेन, मधली म्हणणार नाही.