मदत हवी आहे : क्वार्ट्झ सगळ्यात शेवटी का? वितळणबिंदू तर त्याचा भरपूर आहे

रानवाटा
बीएस्सीला जिऑलॉजी आहे, सध्या सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी आलोय. मॅग्मा गार होताना खनिजं कोणत्या क्रमाने येतात ते सांगणाऱ्या बोवेनच्या अभिक्रिया मालिकेखाली नोट्समध्ये एकच ओळ आहे : "ज्या खनिजाचा वितळणबिंदू जास्त ते आधी स्फटिक होते." ऑलिव्हीन आधी, मग पायरॉक्सीन, अ‍ॅम्फिबोल, बायोटाइट, शेवटी क्वार्ट्झ. पाठ आहे सगळं.
पण तक्ता काढून बघितलं तर शुद्ध सिलिका साधारण १७१३ अंशांना वितळते आणि अल्बाइट, म्हणजे सोडियमवाला प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, १११८ लाच. म्हणजे नोट्सच्या हिशेबाने क्वार्ट्झ अल्बाइटच्या कितीतरी आधी यायला हवं. वर्गात विचारलं तर "परीक्षेत हे येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. कोणी नीट सांगेल का?

तिसरा_डोळा
वितळणबिंदू सोड, रचना बघ. ऑलिव्हीनमध्ये सिलिकाचे चौफलक सुटे सुटे असतात, पायरॉक्सीनमध्ये साखळी, बायोटाइटमध्ये पापुद्रे, क्वार्ट्झमध्ये सगळीकडून जोडलेली जाळी. सोपी रचना आधी जुळते, अवघड उशिरा. एवढंच आहे ते.

खडकवेडी
तिसरा_डोळा, मालिकेची डावी फांदी, ऑलिव्हीन ते बायोटाइट, तुमच्या नियमात बसते, उजवी, प्लॅजिओक्लेजची, बसत नाही. प्लॅजिओक्लेजचीही पूर्ण जाळीच असते, तरी कॅल्शियमवाला प्लॅजिओक्लेज ऑलिव्हीनच्या सोबतीनेच येतो. तेव्हा रचनेने थोडं कळतं, क्वार्ट्झचं कोडं मात्र सुटत नाही.

रानवाटा, तुझी शंका रास्त आहे, नोट्सची ओळच अर्धवट आहे. मीठ ८०१ अंशांना वितळतं. मिठाच्या पाण्यातून मीठ खाली बसायला ८०१ अंश लागतात का? पाणी आटत आटत गेलं आणि मिठाचं प्रमाण हद्दीपलीकडे गेलं की घरच्या पातेल्यातसुद्धा खडे धरतात. मॅग्मा हाही द्राव आहे. एखादं खनिज कधी बाहेर पडणार हे त्याच्या एकट्याच्या वितळणबिंदूवर नसतं, त्या द्रावात त्याचा भरणा कधी पुरा होतो यावर असतं. शुद्ध मॅग्नेशियमवाला ऑलिव्हीन १८९० अंशांना वितळतो, पण बसाल्टच्या रसातून १२०० च्या आसपासच बाहेर येतो.

वितळणबिंदूचा नियम एकाच घराण्यात मात्र चालतो. कॅल्शियमवाला अनॉर्थाइट १५५३, सोडियमवाला अल्बाइट १११८, म्हणून प्लॅजिओक्लेज आधी कॅल्शियमकडचा येतो आणि मग सोडियमकडे सरकतो.

रानवाटा
मिठाचं पटलं. पण बसाल्टमध्ये निम्मी तर सिलिकाच असते ना? मग तिचा भरणा सगळ्यात आधी व्हायला नको का?

खडकवेडी
निम्मी असते, पण मोकळी नसते. ती मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम यांच्याशी बांधलेली असते. हिशेबच मांडू. लोह-कॅल्शियम बाजूला ठेव, फक्त मॅग्नेशिया आणि सिलिका घे, पन्नास-पन्नास ग्रॅम, एकूण शंभर ग्रॅम रस.

गार होताना पहिल्यांदा ऑलिव्हीन, Mg2SiO4. त्याच्या वजनात सिलिका फक्त ४३ टक्के, म्हणजे तो रसातून मॅग्नेशिया जास्त उचलतो आणि सिलिका मागे ठेवतो. असा ६० ग्रॅम ऑलिव्हीन झाला की त्यात ३४.४ ग्रॅम मॅग्नेशिया आणि २५.६ ग्रॅम सिलिका गेली. उरला ४० ग्रॅम रस : १५.६ मॅग्नेशिया, २४.४ सिलिका. सिलिका ५० टक्क्यांवरून ६१ वर गेली, बाहेरून काही न घालता!

इथे १५५७ अंशांना खरी गंमत होते. हा रस आधीच झालेल्या ऑलिव्हीनलाच धरतो : ऑलिव्हीन आणि रसातली सिलिका मिळून पायरॉक्सीन होतं. मालिकेच्या नावात 'अभिक्रिया' आहे ती हीच.

आता दोन शक्यता. ऑलिव्हीनचे दाणे रसातच राहिले तर रस त्यांच्याशी लागून लागून संपून जातो. शेवटी साधारण ५७ ग्रॅम ऑलिव्हीन आणि ४३ ग्रॅम पायरॉक्सीन उरतं, मोकळी सिलिका शून्य. पण दाणे तळाला बसून रसापासून तुटले, तर त्या ४० ग्रॅम रसाला प्रतिक्रियेला कोणीच नाही. तो स्वतःच पायरॉक्सीन करत जातो आणि अगदी शेवटी, १५४३ अंशांना, ग्रॅमभर सिलिका उरते. तुझं शेवटचं क्वार्ट्झ ते हेच. (तेवढ्या तापमानाला ती क्रिस्टोबलाइटच्या रूपात असते, पण तो मुद्दा वेगळा.)

हे बोवेन आणि अँडरसन यांनी १९१४ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत करून दाखवलं. चिमूटभर माल प्लॅटिनममध्ये भट्टीत ठेवायचा, ठरलेल्या तापमानाला मुरू द्यायचा, मग झटक्यात गार करायचा. झालेले स्फटिक तसेच राहतात, उरलेल्या रसाची काच होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेगळे ओळखू येतात.

दारव्हेकर
राजेहो, मले तुमचं शास्त्र काही समजत नाही, पण आमच्या इहिरीत चाळीस फुटावर काळा पत्थर लागला अन् त्यात पांढरे चकचकीत खडे निंघाले. सुईवानी बारीक, काही गोलाकार भोकात. हे क्वार्ट्झच का? मंग त काळ्या पत्थरात शेवटचं आधीच आलं बाप्पा!

खडकवेडी
दारव्हेकर भाऊ, ते रसातून झालेलं नाही. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते, त्यांची भोकं राहिली. खडक घट्ट झाल्यावर गरम पाणी त्यांत झिरपलं आणि खडे त्या पाण्यातून धरले. सुईवाले झिओलाइट असतील, कठीण गारगोटीसारखे असतील तर क्वार्ट्झ. ओळख सोपी आहे : खडे भोकाच्या भिंतीवरून आत वाढलेले असतात आणि मधे कधी कधी पोकळी राहते. रसातलं क्वार्ट्झ इतर दाण्यांच्या मधल्या फटी भरतं, त्याला स्वतःचा आकार धरायला जागा मिळत नाही. ग्रॅनाइटचा तुकडा फोडून बघा, तसं दिसेल.

रानवाटा
मी आज आमच्या विहिरीच्या ढिगातला दगड फोडला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरट लांबट पट्ट्या, बहुतेक प्लॅजिओक्लेज. हिरवा ऑलिव्हीन एकही नाही. मालिकेत तर ऑलिव्हीन पहिला!

तिसरा_डोळा
असणार होता, पण सडून लाल-तपकिरी झाला असेल. इडिंग्साइट शोध.

खडकवेडी
तेही शक्य आहे, भिंगातून तांबूस ठिपके दिसतात का बघ. पण दुसरं कारणही असू शकतं. मालिका म्हणजे एसटीचं वेळापत्रक नव्हे. आपल्या दख्खनच्या बऱ्याच बसाल्टमध्ये मॅग्नेशिया पाच-सात टक्केच असतं, म्हणजे तो रस वर येण्याआधी खालीच ऑलिव्हीन टाकून आलेला असावा. अशा रसात उथळ जागी प्लॅजिओक्लेज पायरॉक्सीनच्याही आधी येऊ शकतो. रसात पाणी जास्त असेल तर तोच प्लॅजिओक्लेज मागे पडतो. म्हणून कोणत्या खडकात कोण आधी, हे दाणा दाण्यावर कसा बसलाय त्यावरून ठरवावं लागतं. प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या पायरॉक्सीनच्या पोटात अडकलेल्या दिसल्या तर पट्ट्या आधीच्या.

रानवाटा
नुसत्या भिंगातून ते दिसत नाहीये. कॉलेजची पातळ काप करायची यंत्रणा गेल्या वर्षीपासून बंद आहे. तांबूस ठिपके दोन-तीन आहेत, पण ते ऑलिव्हीनचे की नुसत्या गंजाचे, सांगता येत नाही.

तिसरा_डोळा
ठिपक्यांचा आकार सांग. कडा कोनदार असतील तर माझंच खरं.

दारव्हेकर
ते सगळं ठीक हाय. त्या भोकांच्या थराले पाणी लागते का, का आणखी खोल जाऊ? मशीनवाला उद्या येऊन राह्यला.

खडकवेडी
भाऊ, नुसत्या भोकांना नाही, भोकं एकमेकांना जोडलेली नसतात. तो थर कुजलेला किंवा फटींचा असेल तर लागतं. मशीन लावण्याआधी निघालेल्या गाळाचा फोटो टाका.