प्री-बिडच्या उत्तरांची नोंद कलमवार कशी ठेवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका कंत्राटदाराकडे टेंडरचं काम बघतो. सध्या पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनची निविदा हातात आहे. प्री-बिडला सगळ्यांचे मिळून साठेक प्रश्न गेले. उत्तरं पीडीएफमध्ये आली, पण प्रश्न कंपनीवार, कलमांचा क्रम कुठेच नाही.

मी एक्सेलमध्ये रजिस्टर केलंय: प्रश्न क्रमांक, कलम व पान, मूळ मजकूर, प्रश्न, उत्तर जसंच्या तसं, तारीख. अडलोय ते एका ओळीवर. आम्ही विचारलं होतं, "डीआय पाइप के-९ ऐवजी के-७ चालेल का?" उत्तर आलं, "मान्य." आम्ही कलम लिहिलं होतं फक्त तांत्रिक तपशिलाचं. पण के-९ हे बीओक्यूच्या तीन बाबींत आणि नकाशावरच्या टिपेतही आहे, आणि शुद्धिपत्रकात त्यांचा उल्लेखच नाही. के-७ ची भिंत पातळ, वजन कमी, म्हणजे दरात चांगलाच फरक. के-७ चा दर भरला आणि उद्या साइटवर के-९ मागितला तर?

अशा वेळी एका उत्तराची एकच ओळ ठेवता, की प्रत्येक कलमाला वेगळी? मला वेगळी बरी वाटते, कारण कलमानुसार फिल्टर लावता येतो. आणि "निविदेप्रमाणे" या उत्तराचं काय करता? प्रश्न बंद धरायचा की खुला? (निम्मी उत्तरं तीच आहेत!)

पुन्हा विचारायची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे. कुणाचा तयार नमुना असेल तर कृपया पाठवा.